आंतरपीक, मित्रकीटक आणि उत्पादनाचे स्थैर्य : आढावे काय सांगतात आणि आपल्या जिल्ह्यात ते कितपत लागू पडते?

वेदगंगा (कागल तालुका)

नमस्कार. आंतरपीक आणि एकपीक यांची तुलना करणारे काही संशोधन-आढावे मी अलीकडे सलग वाचले. आपल्याकडे या विषयावर बोलणे सुरू झाले की तीन वेगळे प्रश्न एकात एक मिसळतात, असे मला वाटते. आंतरपिकामुळे कीड कमी होते का, हा पहिला. उत्पादन वाढते का, हा दुसरा. आणि उत्पादन वर्षानुवर्षे स्थिर राहते का, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे सारखी नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

किडीपासून सुरुवात करतो. डेव्हिड अँडो यांनी १९९१ मध्ये २८७ पीकभक्षक कीटकांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ५२ टक्के जाती मिश्र पिकात कमी आढळल्या आणि सुमारे १५ टक्के जाती जास्त आढळल्या. उरलेल्यांत फरक नव्हता किंवा निष्कर्ष एकसारखे नव्हते. पुढे २०११ मध्ये लेटूर्नो आणि सहकाऱ्यांनी ५५० हून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. विविध पिकांच्या शेतात कीड कमी, मित्रकीटक जास्त आणि पिकाचे नुकसान कमी, असे सर्वसाधारण चित्र त्यांनाही दिसले. मात्र त्याच आढाव्यात मुख्य पिकाचे उत्पादन सरासरीने थोडे घटलेले आढळले. याचे कारण समजायला अवघड नाही. अनेक प्रयोगांत दुसरे पीक घालण्यासाठी मुख्य पिकाची रोपेच कमी केलेली होती. कीड कमी झाली म्हणून कणगी भरलीच, असा अर्थ काढता येत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो मात्र जुना, १९८० चा अभ्यास. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील राव आणि विली यांनी ज्वारी व तूर यांच्यावरील ९४ प्रयोग एकत्र मांडले. सरासरी किती वाढली, एवढेच पाहून ते थांबले नाहीत. उत्पन्नाची एक किमान पातळी त्यांनी धरली आणि तिच्याखाली पीक किती वेळा जाते, हे पाहिले. नुसती तूर पाच वर्षांतून एकदा त्या पातळीखाली गेली, नुसती ज्वारी आठ वर्षांतून एकदा, आणि ज्वारी-तूर आंतरपीक छत्तीस वर्षांतून एकदा.

असे का व्हावे, हे एका हंगामाच्या उदाहरणाने पाहू. जूनमध्ये दोन्ही पिके एकत्र पेरली, तर तूर पहिले दोन-अडीच महिने अगदी सावकाश वाढते आणि त्या काळात पाऊस व ऊन यांचा लाभ ज्वारीला मिळतो. ज्वारी निघाली की तुरीला मोकळी जागा मिळते आणि तिची खोल मुळे परतीच्या पावसाने जमिनीत साठलेल्या ओलीवर डिसेंबरपर्यंत पीक ओढून नेतात. आता समजा, जुलैत उघडीप पडली किंवा खोडमाशीने ज्वारीचे पोंगे वाळले. अशा वेळी ज्वारीने सोडलेली जागा तूर व्यापते आणि तिचे उत्पादन नुसत्या तुरीच्या जवळपास जाते. याउलट परतीचा पाऊस दगा देऊन गेला किंवा तुरीच्या शेंगा अळीने पोखरल्या, तर ज्वारी तोवर घरात आलेली असते. दोन्ही संकटे एकाच वर्षी येण्याचा संभव एकेका संकटापेक्षा पुष्कळ कमी असतो.

आमची थोडी जमीन नदीकाठची बागायत असून तिच्यात ऊस आहे, आणि थोडी मुरमाड माळाची आहे. माळावर भुईमुगात तुरीची इरवड टाकण्याची पद्धत आमच्या आजोबांच्या काळी होती. सोयाबीन आल्यावर ती मागे पडली. येत्या खरिपात माळावर सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेण्याचा विचार आहे. जाणकारांनी आपली मते आणि विशेषतः अडचणी कळवाव्यात.

---

शिरोळचा_आडसाली

वेदगंगा साहेब, मांडणी उत्तम आहे, पण कोल्हापूर जिल्ह्यात आंतरपीक म्हटले की विषय उसाचाच निघणार. ज्वारी-तुरीचे आकडे कोरडवाहू शेतीचे आहेत. आमच्याकडे आडसाली उसात सोयाबीन घेणारे अनेक जण आहेत आणि त्याचा हिशेब अगदी सरळ आहे.

आमच्या शेजारच्या गटातले ढोबळ आकडे देतो. नुसत्या आडसाली उसाचे एकरी ६० टन निघतात. सोयाबीन आत घेतले तर ५७ टन निघतात, म्हणजे ०.९५ हिस्सा. नुसते सोयाबीन एकरी १० क्विंटल होते आणि उसात ५ क्विंटल मिळते, म्हणजे ०.५ हिस्सा. दोन्ही मिळून जमीन-समतुल्य गुणोत्तर १.४५ येते. याचा अर्थ, एका एकरात जवळजवळ दीड एकराचे पीक येते. मग आढावे उत्पादन घटल्याचे का सांगतात, हे मला कळत नाही. शिवाय आमच्याकडे पाणी बारमाही असल्यामुळे स्थैर्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

---

वेदगंगा

दादा, आपली बेरीज बरोबर आहे आणि आंतरपिकाच्या अभ्यासांत हेच गुणोत्तर सर्वत्र वापरतात. जगभरच्या प्रयोगांचे अलीकडचे एकत्रित आढावे सरासरी १.२ ते १.३ च्या आसपास आकडा देतात. आपला १.४५ त्याहून बराच वर आहे आणि त्याचे कारण शोधले पाहिजे.

कारण वेळेत आहे. आडसाली ऊस सतरा महिने शेतात उभा असतो, तर सोयाबीन साडेतीन महिन्यांत निघते. आपण तुलनेसाठी जे नुसत्या सोयाबीनचे अर्धा एकर धरले, ते साडेतीन महिन्यांनी रिकामे होते आणि पुढचे साडेतेरा महिने तेथे हरभरा, गहू किंवा पुन्हा सोयाबीन घेता येते. आपल्या हिशेबात मात्र ती जमीन सतरा महिने पडीक राहिल्यासारखी धरली गेली आहे.

वेळेचा भार देऊन पाहा. उसाचा ०.९५ हिस्सा गुणिले १७ महिने, म्हणजे १६.१५. सोयाबीनचा ०.५ हिस्सा गुणिले ३.५ महिने, म्हणजे १.७५. दोन्हींची बेरीज १७.९ होते. तिला १७ ने भागले की १.०५ येतात. दीडपटीचा फायदा पाच टक्क्यांवर आला. खरा फायदा या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असावा, कारण सोयाबीन निघाल्यावर ती जमीन प्रत्यक्षात दरवेळी लगेच दुसऱ्या पिकाखाली येतेच असे नाही. तरीही उसासारख्या लांब मुदतीच्या पिकात साधे गुणोत्तर फायदा फुगवून दाखवते, हे ध्यानात ठेवावे लागेल. ज्वारी-तुरीत हा दोष तुलनेने कमी आहे, कारण दोन्ही पिकांच्या मुदतींत एवढी तफावत नसते.

उत्पादन घटल्याचे आढावे सांगतात ते फक्त मुख्य पिकाबद्दल. आपल्या आकड्यांतही ऊस तीन टनांनी घटलेलाच आहे. दोन्ही विधाने एकमेकांच्या विरोधात नाहीत.

---

नांगरट

चर्चा वाचली. सोयाबीनचा दर हमीभावाच्या खाली गेला की कसले स्थैर्य आणि कसले काय? दर स्थिर राहील अशी काही योजना या अभ्यासांत सांगितली आहे का? तुरीचे भावही एक वर्ष चढतात आणि पुढच्या वर्षी पडतात. शेतकऱ्याला स्थैर्य हवे आहे ते बाजारात.

---

वेदगंगा

येथे स्थैर्य हा शब्द उत्पादनातील वार्षिक चढ-उतारांविषयी आहे, बाजारभावाविषयी नाही. तरीही आपला मुद्दा सर्वस्वी बाहेरचा नाही. राव आणि विली यांनी किमान पातळी उत्पन्नाच्या रूपातच धरली होती, कारण क्विंटलमध्ये ज्वारी आणि तूर यांची बेरीज करण्यात अर्थ नसतो. दोन पिकांचे भाव एकाच वर्षी पडले नाहीत, तर तेवढा आधार मिळतो. पण भाव ठरवणे शेताच्या रचनेच्या हातात नाही, म्हणून तो विषय वेगळ्या धाग्यात घ्यावा, ही विनंती.

---

कीटकनिरीक्षक

मी बरीच वर्षे पीकसंरक्षणाच्या क्षेत्रीय कामात होते. आता निवृत्त आहे. वेदगंगा यांनी आढाव्यांचे निष्कर्ष नीट मांडले आहेत, पण "आंतरपीक म्हणजे मित्रकीटक" हे समीकरण लोक फार सैलपणे वापरतात, म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट उसावरील लोकरी माव्याची. २००२ मध्ये हा मावा पश्चिम महाराष्ट्रात आला आणि थोड्याच काळात सांगली-कोल्हापूरचे फड पांढरे दिसू लागले. पानांच्या खालच्या बाजूला कापसासारखा थर जमायचा आणि वरून गळणाऱ्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढायची. फवारणीचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण दहा-बारा फूट वाढलेल्या उसात माणूस शिरणेच कठीण असते. शेवटी ही कीड आटोक्यात आणण्यात मोठा वाटा परभक्षी कीटकांचा होता. डिफा नावाच्या पतंगाची अळी, जिला तेव्हा सगळे कोनोबाथ्रा म्हणत, ती माव्याच्या वसाहतीत जाळे विणून आत बसते आणि मावा खाते. तिच्या जोडीला मायक्रोमस हा दुसरा परभक्षी कीटक होता आणि पुढे एनकार्शिया ही परोपजीवी गांधीलमाशीही स्थिरावली. ज्यांच्या फडात डिफा दिसत असे, त्यांच्याकडून अळ्या असलेली पाने नेऊन लोक आपल्या फडात बांधत. हे सारे नुसत्या उसाच्या सलग पट्ट्यात घडले, आंतरपिकात नव्हे. ऊस वर्षभर उभा असतो, लागणीचा आणि खोडव्याचा ऊस शेजारी-शेजारी असतो, त्यामुळे मित्रकीटकांना कोठे ना कोठे आसरा सापडतोच. एकपीक म्हणजे नैसर्गिक नियंत्रण अशक्य, असे समजू नये.

दुसरी गोष्ट तुरीची, आणि ती वेदगंगा यांच्या बेताशी थेट संबंधित आहे. ज्वारीच्या कणसावर घाटेअळीचा पतंग अंडी घालतो, तेव्हा त्यांतील पुष्कळ अंडी ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी नष्ट करते. मग ती जवळच्या तुरीवरही तेच काम करील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही, हे इक्रिसॅटच्याच कीटकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तुरीच्या कळ्या आणि शेंगा चिकट स्राव असलेल्या लवेने झाकलेल्या असतात. त्या लवेतून अर्ध्या मिलिमीटरच्या कीटकाला चालता येत नाही आणि तुरीचा वासही त्याला आकर्षित करत नाही. ज्वारीवरच्या अळ्यांना मारणारे परोपजीवी आणि तुरीवरच्या अळ्यांना मारणारे परोपजीवी हेदेखील बऱ्याच अंशी निरनिराळे आहेत. म्हणजे दोन पिके शेजारी असली तरी मित्रकीटकांची ये-जा आपोआप होत नाही. उलट ज्वारीच्या कणसांवर वाढलेली पिढी पतंग होऊन, नेमक्या फुलोऱ्यात आलेल्या तुरीवर उतरू शकते. राव-विली यांच्या अभ्यासातील स्थैर्याचे श्रेय म्हणूनच मी मित्रकीटकांना देणार नाही. ते मुख्यतः वाढीच्या वेगळ्या वेळांना आणि भरपाईला आहे.

तिसरी गोष्ट हुमणीची. अँडो यांचे ते १५ टक्के आपल्या जिल्ह्यात कोठे आहेत, असे विचाराल तर मी हुमणीकडे बोट दाखवीन. हुमणी उसाची मुळे खाते, भुईमुगाची खाते, सोयाबीनची खाते आणि ज्वारीचीही खाते. हुमणीग्रस्त उसात भुईमूग घालणे म्हणजे तिच्या पुढ्यात दुसरे ताट वाढणे आहे. तेथे वळवाच्या पहिल्या पावसानंतर बाभूळ-कडुनिंबावर संध्याकाळी जमणारे भुंगेरे गोळा करणे, प्रकाश सापळे लावणे आणि मेटारायझियम बुरशी शेणखतातून देणे हेच उपाय आहेत. पीकरचनेवर विसंबून चालणार नाही.

नियम एवढाच आहे की एकाच पिकावर जगणारी कीड मिश्र पिकात सहसा घटते, कारण तिला आपले झाड शोधावे लागते. सर्वभक्षी किडीला ती अडचण नसते.

---

माळावरची_शेतीण (गडहिंग्लज तालुका)

ताई, आपल्या लेखनातून बरेच कळले. माझा अनुभव ज्वारी-तुरीचा नाही, सोयाबीनच्या कडेने लावलेल्या एरंडीचा आहे, तरीही येथे मांडते.

सोयाबीनवर पाने खाणारी स्पोडोप्टेरा अळी दरवर्षी येते म्हणून कृषी सहायकांच्या सांगण्यावरून पेरणीच्या वेळीच मी बांधाच्या आतल्या बाजूने एरंडी टोकली होती. ऑगस्टमध्ये एरंडीच्या रुंद पानांच्या खालच्या बाजूला, तपकिरी केसांनी झाकलेले अंड्यांचे पुंजके दिसू लागले. बोटाने केस बाजूला सारले की खाली अंडी रचून ठेवल्यासारखी दिसत. काही पाने जाळीसारखी पारदर्शक झालेली होती आणि त्यांवर लहान अळ्या दाटीने बसलेल्या होत्या. अशी पाने मी घडी करून तोडत असे आणि साबणाच्या पाण्यात बुडवत असे. त्या वर्षी सोयाबीनच्या आतल्या भागात प्रादुर्भाव खरोखर कमी होता.

पुढच्या वर्षी घरी आजारपण होते आणि एरंडीकडे पाहायला कोणी नव्हते. पुंजके तसेच राहिले, अळ्या मोठ्या झाल्या, रात्री खाली उतरल्या आणि एरंडीलगतच्या सोयाबीनच्या ओळी त्यांनी शेंड्यापर्यंत खाल्ल्या. एरंडी लावली नसती तर एवढे नुकसान एका जागी झाले नसते, असे माझे मत झाले आहे. सापळा पिकाची शिफारस सांगताना हे काम आठवड्यातून दोनदा करावे लागते, हे कोणी ठळकपणे सांगत नाही.

वेदगंगा काका, एक शंका आहे. एका रानात नुसते सोयाबीन आणि दुसऱ्या रानात नुसती तूर घेतली, तरी दोन पिकांचा आधार मिळेलच की. मग ओळी एकमेकींत घालण्याचा खटाटोप कशासाठी?

---

वेदगंगा

ताई, शंका फार नेमकी आहे. स्थैर्याचा काही भाग खरोखरच नुसत्या दोन पिकांमुळे मिळतो आणि त्यासाठी ओळी एकत्र असण्याची गरज नसते. आढाव्यांत छत्तीस वर्षांचा आकडा वाचताना हा भाग वेगळा काढला पाहिजे.

पण उरलेला भाग भरपाईचा आहे आणि तो ओळी शेजारी असल्याशिवाय मिळत नाही. स्वतंत्र रानात सोयाबीन चक्रीभुंग्याने किंवा उघडिपीने गेले, तर ते रान त्या हंगामापुरते रिकामे राहते आणि शेजारच्या रानातील तुरीला त्याचा उपयोग नसतो. चारास दोन ओळींच्या रचनेत सोयाबीन गेले तर तुरीच्या फांद्या त्या पट्ट्यात पसरतात आणि मुळेही तेथील ओल घेतात. तुरीच्या अंगी ही लवचीकता विशेष आहे. मोकळी जागा मिळाली की ती दाट फांद्या धरते.

यालाही मर्यादा आहे. भरपाई होण्यासाठी पहिले पीक लवकर बिघडले पाहिजे. सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी शेंगांत दाणे भरताना तांबेऱ्याने गेले, तर तोवर त्याने ओल, अन्नद्रव्य आणि जागा हे सारे वापरलेले असते, आणि तुरीच्या वाट्याला त्यातले काही परत येत नाही. आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात तांबेरा नवा नाही, म्हणून पाटणचेरूचा आकडा जसाच्या तसा येथे लावणे मला योग्य वाटत नाही.

---

शिरोळचा_आडसाली

वेळेचा हिशेब मला पटला, पूर्णपणे नसला तरी. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास हातात येतात आणि त्यातून उसाच्या खतांचा खर्च भागतो. सतरा महिने थांबणाऱ्या माणसासाठी या पैशाची किंमत तुमच्या १.०५ मध्ये येत नाही.

तोटेही प्रामाणिकपणे सांगतो. सरीच्या दोन्ही अंगांना सोयाबीन दाट पेरले तर उसाचे फुटवे सावलीत कमी येतात. ते तीन टन तेथेच जातात. वरंब्याच्या एकाच बाजूला एक ओळ ठेवली, तर घट कमी दिसते. तणनाशकाचीही अडचण होते. नुसत्या उसात आम्ही अ‍ॅट्राझीन किंवा टू-फोर-डी मारतो. सोयाबीन असताना दोन्ही चालत नाहीत, मग भांगलणीला माणसे लावावी लागतात. आणि सोयाबीन काढायला उशीर झाला की उसाची बांधणी लांबते.

पण एक गोष्ट मी पाहिली आहे. सुरू उसात, म्हणजे फेब्रुवारीच्या लागणीत, कोथिंबीर किंवा मेथी घेतलेल्या फडात पोंगेमर कमी होती. त्याचे श्रेय मित्रकीटकांना द्यावे का?

---

कीटकनिरीक्षक

पोंगेमर खोडकिडीमुळे होते आणि ती कीड कोरड्या, तापलेल्या जमिनीवर मार्च ते मे या काळात जोर धरते. कोथिंबीर-मेथीने जमीन झाकली की बुडाशी गारवा राहतो. अशा आंतरपिकांत खोडकीड कमी झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय पाणी वारंवार दिले जाते, तेही खोडकिडीला मानवत नाही. कोथिंबीर फुलेपर्यंत ठेवली असेल, तर परोपजीवी कीटकांना मध मिळतो, पण आपल्याकडे ती जुडीसाठी फुलण्याआधीच उपटतात. म्हणून आपल्या फडात गारवा आणि पाणी यांचा वाटा मला मोठा वाटतो. नक्की काय घडले, हे पाहायचे तर वाळलेला पोंगा ओढून पाहा. तो सहज निघाला, बुडाशी कुजल्याचा वास आला आणि खोडाच्या खालच्या भागात छिद्र असले, तर ती खोडकीड. पोंगा पाण्याच्या ताणानेही वाळतो, पण तो असा उपसून येत नाही. ट्रायकोकार्डे मात्र उसात उपयोगी पडतात, कारण उसाच्या पानावर तुरीसारखी चिकट लव नसते.

वेदगंगा यांच्या प्रयोगाविषयी एक सूचना आहे. नुसत्या तुरीवर फवारणी केली आणि आंतरपिकातील तुरीवर केली नाही, किंवा उलटे केले, तर तुलना वाया जाईल. दोन्हीकडे सारखेच वागा. शेंगा पक्व होत असताना प्रत्येक पट्ट्याच्या आतल्या भागातून दहा झाडे निवडा आणि प्रत्येकाच्या दहा शेंगा फोडून पाहा. शेंगेवर गोल, मोठे आणि उघडे छिद्र असेल, तर ते घाटेअळीचे. बाहेरून शेंग चांगली दिसते, पण सालीवर पातळ पापुद्र्याची बारीक खिडकी आहे आणि आत दाणा खाल्लेला आहे, तर ती शेंगमाशी. या दोन्हींची नोंद वेगळी ठेवा, कारण उशिरा येणाऱ्या तुरीत शेंगमाशीच जास्त नुकसान करते आणि सगळे नुकसान अळीच्या नावावर टाकले जाते.

---

वेदगंगा

ताई, ही सूचना मोलाची आहे. त्याप्रमाणे बेत असा करतो. माळाच्या तुकड्यात नुसते सोयाबीन, नुसती तूर आणि चारास दोन ओळींचे आंतरपीक असे तीन पट्टे, आणि उताराची वरची व खालची जमीन सारखी नसल्यामुळे प्रत्येक पट्टा दोन्ही ठिकाणी एकेकदा, म्हणजे एकूण सहा. नुसत्या पिकांची रोपसंख्या शिफारशीएवढीच ठेवणार आहे, कारण एकपीक विरळ पेरून आंतरपीक सरस ठरवणे हा अशा तुलनांतला नेहमीचा दोष आहे. कडेच्या ओळींना ऊन जास्त मिळते, म्हणून त्यांचे वजन हिशेबात धरणार नाही. सोयाबीन शंभर दिवसांत आणि तूर सहा महिन्यांत, या मुदतींचा भार देऊन गुणोत्तर काढीन.

एका हंगामात स्थैर्याविषयी काही सांगता येणार नाही, हे उघड आहे. भरपाई होते का, एवढे मात्र पाहता येईल. त्यासाठी आंतरपिकाच्या पट्ट्याला लागूनच आणखी एक लहान तुकडा तसाच पेरून, त्यातील सोयाबीन पेरणीनंतर एका महिन्याने मुद्दाम उपटून टाकण्याचा विचार आहे. मग त्या तुकड्यातील तूर नुसत्या तुरीच्या किती जवळ जाते, ते मोजता येईल.

---

माळावरची_शेतीण

काका, तसाच आणखी एक तुकडा ठेवून त्यातील सोयाबीन सप्टेंबरमध्ये उपटता येईल का? तुम्ही तांबेऱ्याची जी मर्यादा सांगितली, तीही त्याच वर्षी तपासली जाईल. माझ्याकडे दहा-बारा गुंठे मोकळे आहेत, तेथे मी हे करू शकते. मात्र आमची जमीन काळी आहे आणि ओल जास्त दिवस धरते.

---

वेदगंगा

जरूर करा. जमीन वेगळी असल्यामुळे तुमचे आणि माझे आकडे एकत्र मिळवता येणार नाहीत, पण तुमच्या तुकड्यात नुसती तूर, महिन्याने उपटलेले आणि सप्टेंबरमध्ये उपटलेले असे तिन्ही शेजारी-शेजारी असतील, तर तेथल्या तेथे तुलना होईल. काळ्या जमिनीत उशिराची भरपाई मुरमाड माळापेक्षा जास्त होईल, असा माझा अंदाज आहे, कारण ओल शिल्लक राहिलेली असेल. दोघांनीही तुरीचा एकच वाण घेऊ आणि पेरणी एकाच आठवड्यात करू. बियाण्याचे मे महिन्यात येथेच ठरवू.